भौतिकशास्त्राचे सोळा कोरे प्रश्न

आदरणीय मॅडम,

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय 19, प्रवर्ग खुला. नीटमध्ये 2024 साली मला 548 गुण होते, क्रमांक दीड लाखाच्या आसपास. एक वर्ष ड्रॉप घेतल्यावर 2025 मध्ये 455 मिळाले, क्रमांक एक लाख पंधरा हजारांच्या मागेपुढे. शासकीय एमबीबीएसची जागा साधारण पन्नास गुणांनी गेली आणि खासगी महाविद्यालयाची फी आम्हाला झेपणारी नाही. 4 मे रोजी वादळामुळे माझ्या केंद्रावर वीज गेली होती. बाबा म्हणतात, आता बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, कर. आई म्हणते, आणखी एकदा परीक्षा दे. एका महाविद्यालयातून बीएससी रेडिओलॉजीसाठी रोज फोन येतो. पुण्याचे मामा महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रयत्न कर म्हणतात. प्रवेश घेऊन सोबत नीटचा अभ्यास करता येईल का? ओएमआर उत्तरपत्रिकेवरून काढलेला माझा तक्ता सोबत पाठवत आहे.

मृ., इंदूर

चि. मृ. हिस सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा सूर असा आहे की दुसऱ्या वर्षी तू मागे गेलीस. आकडे तसे सांगत नाहीत. 548 वरून 455 वर येणे ही दिसायला मोठी घसरण असली, तरी 2024 चा पेपर आणि 2025 चा पेपर एका तराजूत घालता येत नाहीत. 2024 मध्ये अंतिम निकालातसुद्धा 17 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण 686 होते. भौतिकशास्त्राचा भाग इतका लांबलचक होता की चांगल्या तयारीच्या मुलांचेही प्रश्न सोडवायचे राहून गेले. म्हणून दोन वर्षांची तुलना गुणांनी न करता क्रमांकाने करायची असते, आणि क्रमांकात तू सुमारे पस्तीस हजारांनी पुढे सरकली आहेस. एवढ्याने तिसरा प्रयत्न करावा असे सिद्ध होत नाही. पण निर्णय घेताना "माझ्याने होत नाही" हे गृहीत धरून बसू नकोस.

याच कारणासाठी पन्नास गुणांचा तो आकडाही जरा बाजूला ठेव. मध्य प्रदेशाच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या समुपदेशनात प्रत्येक फेरीनंतर वाटपाची यादी निघते आणि तीत प्रत्येक जागेसमोर प्रवर्ग व क्रमांक दिलेला असतो. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या याद्या घे आणि खुल्या प्रवर्गातून शासकीय महाविद्यालयात शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलीचा क्रमांक दोन्हींत शोध. तुला गाठायचा आहे तो हा क्रमांक. पुढच्या पेपरात त्यासाठी किती गुण लागतील, हे पेपर होईपर्यंत कोणी सांगू शकत नाही, आणि भंवरकुआंच्या क्लासेसच्या फलकांवर "सेफ स्कोअर" म्हणून जे छापलेले असते ते मागच्या वर्षाचे असते.

आता तुझा तक्ता. तो तू फार नीट केला आहेस आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. जीवशास्त्राच्या 90 प्रश्नांत 74 बरोबर, 10 चूक, 6 सोडलेले, म्हणजे 286 गुण. रसायनशास्त्राच्या 45 मध्ये 28 बरोबर, 9 चूक, 8 सोडलेले, म्हणजे 103. भौतिकशास्त्राच्या 45 मध्ये 19 बरोबर, 10 चूक आणि तब्बल 16 सोडलेले, म्हणजे 66. तू तक्त्याखाली "निगेटिव्हने घात केला" असे लिहिले आहेस, ते मात्र मला पटत नाही. तिन्ही विषयांत मिळून तुझी 29 उत्तरे चुकली, म्हणजे वजा झालेले गुण 29 च आहेत. ती सर्व उत्तरे तू कोरी ठेवली असतीस तरी 484 झाले असते आणि जागा गेलीच असती. खरे अंतर त्या 30 कोऱ्या प्रश्नांत आहे, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या भौतिकशास्त्रात आहेत.

ते 16 प्रश्न का कोरे राहिले, याचे उत्तर तुला शोधायचे आहे. वेळ संपला म्हणून राहिले की येत नव्हते म्हणून राहिले? तिसऱ्या प्रयत्नाचा निर्णय याच एका प्रश्नावर ठरवावा, असे माझे मत आहे. वेळेमुळे राहिलेला प्रश्न सहा महिन्यांत हाती येतो. दोन वर्षे क्लास करूनही न समजलेला विषय तिसऱ्या वर्षी त्याच क्लासमध्ये बसून समजतो, असे मी फार क्वचित पाहिले आहे.

इथे विजेचा मुद्दा येतो. त्या दिवशी इंदूरमध्ये जे झाले त्याची न्यायालयीन बाजू आता मिटली आहे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातील एकल न्यायमूर्तींनी जूनअखेर याचिकाकर्त्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला होता. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुलैमध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या वाटेने आता काही मिळणार नाही. परंतु त्या अंधाराने तुझे नेमके किती नुकसान केले, हे तुझ्या स्वतःच्या हिशेबासाठी मोजता येते, कारण प्रश्नपुस्तिका परीक्षेनंतर तुझ्याकडेच राहिली आहे आणि नीटमध्ये कच्चे काम तिच्यातच करायचे असते.

ती पुस्तिका काढ आणि त्या 16 प्रश्नांशेजारची जागा पाहा. जिथे आकृती काढली आहे, सूत्र मांडले आहे, एखादी पायरी झाली आहे आणि पुढे काम तुटले आहे, तो प्रश्न वेळेने गेला. जिथे पान स्वच्छ आहे, तिथे दोन शक्यता राहतात: तू तिथवर पोहोचलीच नाहीस, किंवा वाचून सोडून दिलास. सलग शेवटचे सात-आठ प्रश्न स्वच्छ असतील तर तू पोहोचली नाहीस. कोरी पाने मध्येमध्ये विखुरलेली असतील तर तू ते वाचून सोडलेस. तू जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिक अशा क्रमाने पेपर सोडवतेस असे तक्त्यावरून वाटते. त्या क्रमात शेवटी जो विषय असेल, त्याच्या माथी सगळा उशीर बसतो. 2025 पासून वेळही 200 मिनिटांवरून 180 मिनिटांवर आली आणि 180 प्रश्न सोडवायचेच राहिले, म्हणून हा उशीर आणखी महाग झाला.

पुस्तिका पाहिल्यावर एक चाचणी घे. मे महिन्यातल्या त्या प्रश्नांची उत्तरे तू एव्हाना क्लासमध्ये ऐकली असशील, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा सोडवून काही कळणार नाही. दोन आठवडे भौतिकशास्त्राची शांतपणे उजळणी कर आणि मग तू कधीही न पाहिलेला, 2025 च्या काठिण्याचा 45 प्रश्नांचा संच 65 मिनिटांत सोडव. असे तीन संच तीन वेगवेगळ्या दिवशी सोडव आणि गुण न पाहता बरोबर उत्तरांची संख्या मोज. ती 25 किंवा त्याहून अधिक येत असेल, तर मे महिन्यात तुझे किमान सहा प्रश्न वेळेने आणि अंधाराने खाल्ले, असे मानायला जागा आहे. ती 19-20 च्याच आसपास राहिली, तर वीज न जाताही निकाल फारसा वेगळा लागला नसता. हे वाचायला कठोर वाटेल, पण आईशी आणि बाबांशी बोलताना तुझ्या हातात हा आकडा असावा.

आकडा पहिल्या प्रकारचा आला, तर तिसऱ्या प्रयत्नात काय साधायचे ते आता मांडून पाहू. भौतिकशास्त्रात 27 बरोबर आणि 6 चूक झाले तर 102 गुण होतात. रसायनात 33 बरोबर आणि 6 चूक म्हणजे 126. जीवशास्त्रात 78 बरोबर आणि 7 चूक म्हणजे 305. बेरीज 533 होते, म्हणजे आत्तापेक्षा 78 अधिक, आणि ही वाढ 2025 सारख्या पेपरात मोजलेली आहे. यात तू जीवशास्त्रात फक्त चार उत्तरे वाढवली आहेस, हे लक्षात घे. ड्रॉप घेतलेली मुले बहुधा उलटे करतात. जीवशास्त्र वाचायला बरे वाटते म्हणून तेच चौथ्यांदा वाचतात आणि 286 चे 300 करण्यात तीन महिने घालवतात. तुझ्या सहा महिन्यांतला निम्म्याहून अधिक वेळ भौतिकशास्त्राच्या गणितांना गेला पाहिजे, आणि तोही पुन्हा व्याख्याने ऐकण्यात न घालवता हाताने गणिते सोडवण्यात. सुरुवात आधुनिक भौतिकी, सेमीकंडक्टर, किरण प्रकाशिकी आणि विद्युतधारा या प्रकरणांपासून कर. तिथे सूत्रे थोडी असतात आणि प्रश्न लवकर सुटतात. पेपरातही क्रम बदलून पाहा. जीवशास्त्र पहिले राहू दे, पण त्यानंतर भौतिकशास्त्र घे आणि रसायन शेवटी ठेव, कारण रसायनातले पाठांतराचे प्रश्न घाईतही जमतात.

2023 ते 2025 या तिन्ही वर्षी ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली, म्हणून जानेवारीचा मध्य हा तुझा थांबा ठरव. तोवर पूर्ण अभ्यासक्रमाच्या तीन चाचण्यांत भौतिकशास्त्राची बरोबर उत्तरे 24 पर्यंत पोहोचली नसतील, तर परीक्षा द्यायची ती जरूर दे, पण घराने त्यापुढे तिच्या भरवशावर राहू नये. वयाची कमाल मर्यादा नाही आणि प्रयत्नांच्या संख्येलाही मर्यादा नाही, हे खरे आहे. त्यामुळेच कधी थांबायचे हे नियम सांगत नाहीत आणि ते घरीच ठरवावे लागते. चौथ्या वर्षाचा विचार मी आत्ताच बंद करून टाकला असता.

मामांच्या सूचनेचे उत्तर एका वाक्यात संपते: महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी तिथले अधिवास प्रमाणपत्र लागते आणि सर्वसाधारणपणे दहावी-बारावीही तिथूनच झालेली असावी लागते, म्हणून मराठी घरात जन्मल्याने इंदूरच्या मुलीला तो मिळत नाही. पंधरा टक्के अखिल भारतीय जागा सगळ्यांसाठी असतात आणि त्यांत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्याही जागा असतात, पण त्यांचा क्रमांक तुझ्यापासून आणखी दूर आहे.

प्रवेश घेऊन सोबत नीट करावी का, असे तू विचारतेस. मी बावीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले, सकाळी एमबीबीएसच्या वर्गाला आणि दुपारी बीपीटीच्या. बीपीटीच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय असतात, हजेरीची सक्ती असते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर हातात हाडांची नावे असतात, भौतिकशास्त्राची गणिते नसतात. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्या मुलांना मी पाहिले आहे. त्यांतल्या बहुतेकांचा पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला आणि नीटचा क्रमांकही मागे गेला. शिवाय बीपीटीत किंवा बीएससीत घालवलेले वर्ष पुढे एमबीबीएसमध्ये मोजले जात नाही, आणि तिथून एमबीबीएसला जाणारी कुठली आडवाटही नाही. ज्याला एमबीबीएस करायचे आहे त्याला नीट पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून या अभ्यासक्रमांत जायचे असेल तर तिथेच राहायचे या हिशेबाने जावे.

मग त्यांतला कोणता? बाबांनी सुचवलेला अभ्यासक्रम आणि फोनवरचा अभ्यासक्रम, हे दोन्ही "पॅरामेडिकल" या एका शब्दात कोंबले जातात, पण त्यांच्या कामाचा स्वभाव अगदी वेगळा आहे. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला तपासतो, स्वतः अंदाज बांधतो आणि स्वतः उपचार ठरवतो. पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा उभे करणे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा वाकता करणे, अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करणे ही त्याची कामे आहेत. एकच रुग्ण आठवडेच्या आठवडे भेटतो, दिवसभर उभे राहावे लागते, सुरुवातीचा पगार कमी असतो, पण पुढे स्वतःचे क्लिनिक काढता येते. रेडिओलॉजीचा तंत्रज्ञ यंत्राच्या बाजूला असतो: रुग्णाची स्थिती नीट ठेवणे, किरणांचा डोस बेताचा ठेवणे, सीटी किंवा एमआरआयची प्रतिमा निदानाला उपयोगी पडेल अशी काढणे. रुग्ण दहा-पंधरा मिनिटे भेटतो आणि जातो. प्रतिमेचे निदान डॉक्टर लिहितात. हे काम रुग्णालयाशी किंवा तपासणी केंद्राशी बांधलेले राहते, रात्रपाळ्या असतात, पण काम शिकलेल्या माणसाला नोकरीसाठी फार थांबावे लागत नाही. डॉक्टरी तुला रुग्णाशी बोलण्यासाठी हवी होती की शरीराच्या आत काय चालले आहे हे पाहण्याच्या कुतूहलासाठी, याचा विचार केलास तर या दोघांतली निवड बरीच सोपी होईल. पहिले असेल तर बाबांचे म्हणणे योग्य आहे.

2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानेही हा फरक मान्य केला आहे. फिजिओथेरपिस्टसारख्या आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान 3600 तासांची असली पाहिजे, आणि तंत्रज्ञासारख्या संलग्न व्यावसायिकाचे शिक्षण किमान 2000 तासांचे. हे आकडे रोजच्या सहा तासांनी भागून पाहा: फिजिओथेरपीला 600 पूर्ण दिवस आणि तंत्रज्ञाला 333 दिवस उपस्थित राहावे लागते. "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" असे म्हणणारे महाविद्यालय हा भागाकारच नाकारत असते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेल्या आरोग्यविषयक पदव्या तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदच केल्या आहेत.

आता ते रोज फोन करणारे महाविद्यालय. त्याचे नाव तू लिहिले नाहीस आणि मला ते नकोही आहे, कारण पारख कोणत्याही महाविद्यालयाची एकाच प्रकारे करायची असते. आपल्या राज्यात काय घडले ते तुला माहीत असेलच. नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सीबीआयच्या तपासात गेले, आणि त्यात मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे खोळंबल्या. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुली तीन-तीन वर्षे पहिल्याच वर्षात राहिल्या. पॅरामेडिकल महाविद्यालयांच्या उलटून गेलेल्या सत्रांना मागाहून दिलेल्या मान्यतेचा वादही 2025 मध्ये न्यायालयात पोहोचला. यांतल्या बहुतेक मुलींचे महाविद्यालय बनावट नव्हते. इमारत होती, वर्ग होते, फीची पावतीही होती. फक्त त्या सत्राची मान्यता वेळेवर झालेली नव्हती.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा होता. दोन वर्षांची एक्स-रे तंत्रज्ञाची पदविका हातात घेऊन तो आमच्या विभागात नोकरी विचारायला आला. त्याची परिषदेत नोंदणी होत नव्हती. कारण शोधल्यावर असे निघाले की त्या महाविद्यालयाला त्याच्या आधीच्या सत्राची मान्यता होती, नंतरच्या सत्राचीही होती, पण ज्या सत्रात त्याने प्रवेश घेतला त्याच सत्राची नव्हती. प्रवेशाच्या दिवशी त्याला जे मान्यतापत्र दाखवले गेले ते खरेच होते. ते आदल्या वर्षाचे आहे, हे त्याच्या वडिलांच्या लक्षात आले नाही.

म्हणून फोनवर "मान्यता आहे का?" असे विचारू नकोस, त्याचे उत्तर नेहमी "आहे" असेच येते. दोन कागद माग. पहिला, महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी जोडलेले आहे त्याची संलग्नता. महाविद्यालय एखाद्या खासगी विद्यापीठाचे असेल तर त्या विद्यापीठाचा कागद. दुसरा, भोपाळच्या सह-चिकित्सीय परिषदेची मान्यता. दोन्हींवर तुझ्या अभ्यासक्रमाचे नेमके नाव, जागांची संख्या आणि ज्या सत्रात तू प्रवेश घेणार आहेस तेच सत्र लिहिलेले असले पाहिजे. "अर्ज केला आहे, येईलच" हे उत्तर मिळाले तर तिथून निघून यायचे. आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवून यायची नाही. पडताळणी करून त्या विद्यार्थ्याला परत द्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच सांगितले आहे.

कागदानंतर प्रत्यक्ष भेट. कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता बाबांना घेऊन जा, आधी कळवू नकोस. कार्यालयात न जाता त्या महाविद्यालयाचे रुग्णालय कुठे आहे ते शोध. एक्स-रे आणि सीटी विभागाबाहेर रुग्ण बसलेले आहेत का, आणि यंत्राजवळ विद्यार्थी उभे आहेत का, हे पाहा. त्यांच्या छातीवर टीएलडी बिल्ला लावलेला आहे का, तेही पाहा. किरणांजवळ काम करणाऱ्याने किती डोस घेतला हे त्या बिल्ल्याने मोजले जाते, आणि विद्यार्थी खरोखर यंत्रावर काम करत असतील तर तो त्यांच्याकडे असतोच. मग एखाद्या वरच्या वर्षातल्या मुलीला बाजूला घेऊन दोनच गोष्टी विचार: तू प्रवेश कोणत्या वर्षी घेतलास, आणि शेवटचा निकाल कोणत्या वर्षाचा लागला? 2022 मध्ये आलेली मुलगी अजून दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेची वाट पाहत असेल, तर चार वर्षांची पदवी तिथे सहा वर्षांची आहे आणि माहितीपुस्तिकेत काही लिहिले असले तरी तेच खरे आहे. फिजिओथेरपीसाठीही हेच विचार. फक्त बिल्ल्याऐवजी बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थी स्वतः रुग्ण हाताळतात की भिंतीला टेकून पाहतात, ते बघ.

हे सगळे या वर्षी घाईने करण्याचे मात्र कारण नाही. नोव्हेंबरमध्ये ज्या जागा फोनवरून विकल्या जातात त्या बहुधा कोणी न घेतलेल्या असतात. शिवाय राष्ट्रीय आयोगाने 2025 मध्ये फिजिओथेरपीचा जो नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, तो एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा आहे आणि प्रवेश नीटमार्फत व्हावा असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बीपीटी ठरवलीस तरी मे महिन्यातली परीक्षा तुझ्या उपयोगाची ठरू शकते. घरातल्या वादाला यामुळे निराळे वळण मिळते. आईचे म्हणणे आणि बाबांचे म्हणणे यंदा तरी एकाच परीक्षेच्या वाटेवर आहेत.

त्याच तयारीवर आणखी अर्ज भरता येतात. एम्सच्या बीएससी नर्सिंग आणि पॅरामेडिकल अभ्यासक्रमांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिचे अर्ज साधारण एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नीटच्या गडबडीतच, भरावे लागतात. दरवर्षी कितीतरी मुली नीटनंतर पाहू म्हणून ती तारीख चुकवतात. आपल्या राज्यातल्या शासकीय बीएससी नर्सिंगसाठी कर्मचारी निवड मंडळाची पीएनएसटी ही प्रवेश परीक्षा असते. नीटच्या गुणांवरच इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय, जे राज्यातले एकमेव शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय हेही पर्याय राहतात. ते यंदा तू भरले नसशील तर त्याची खंत नको, पण पुढच्या वर्षी खरोखर जायची इच्छा असेल तरच पसंतीक्रमात लिही. नीटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. आणि कोणी समुपदेशनाबाहेरून एमबीबीएसची जागा "सेट करून देतो" म्हणाला, तर बाबांनी त्याच्याशी दुसरे वाक्य बोलू नये. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांच्या जागाही समुपदेशनातूनच भरतात.

या आठवड्यात प्रश्नपुस्तिका काढ, त्या 16 प्रश्नांच्या कडेला "वेळ" किंवा "येत नाही" असे पेन्सिलीने लिही आणि दोन्हींची संख्या मला कळव. तीन संचांचे आकडे आले की तेही पाठव. फोन करणाऱ्या महाविद्यालयाला तोवर एवढेच सांग की चालू सत्राची दोन्ही पत्रे पाहिल्याशिवाय आम्ही येणार नाही.